नको नको म्हटलेला विचार पुन्हा पुन्हा का येतो

*ताई, मला साडेतीन महिन्यांची मुलगी आहे, आम्ही ठाण्यात नवव्या मजल्यावर राहतो. ती दीड महिन्याची असताना एका रात्री तिला खांद्यावर घेऊन बाल्कनीत फेऱ्या मारत होते आणि एकदम डोक्यात आलं, मी हिला खाली टाकलं तर? अंगावर काटा आला. त्या दिवसापासून हा विचार येऊच नये म्हणून सगळं करून बघितलं. रामरक्षा म्हणते, मोबाइल बघते, बाल्कनीचं दार कायमचं लावून टाकलंय. तरी दिवसातून पन्नास वेळा येतो, रात्री तर जास्तच. कोणाला सांगायची हिंमत नाही. मी वेडी होतेय का? मी इतकी वाईट आई आहे का?*

अगं, आधी तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय तुझं पुढच्या कशात लक्ष लागणार नाही. नाही आणि नाही. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे "अंगावर काटा आला". जो विचार आपल्याला स्वतःलाच किळसवाणा वाटतो, आपल्या मायेच्या बरोब्बर उलटा असतो, तो आपली इच्छा नसतो. मन चिंती ते वैरी न चिंती हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत, आणि मन चिंततं ते जिथे सगळ्यात जास्त जीव अडकलाय तिथलंच चिंततं.

आणि तू एकटी नाहीस हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. कॅनडात निकोल फेअरब्रदर आणि शीला वुडी या दोघींनी नुकत्याच आई झालेल्या बायकांना हेच प्रश्न विचारले, तो अभ्यास २००८ साली आला. बाळाला अपघाताने काही होईल असे नकोसे विचार जवळजवळ सगळ्याच जणींना येत होते, आणि आपल्याच हातून, मुद्दाम, बाळाला इजा होतेय असा विचार साधारण निम्म्या जणींना येऊन गेला होता. निम्म्या! म्हणजे तुझ्या सोसायटीत तुझ्याबरोबर बाळंत झालेल्या चार जणी असतील तर त्यातल्या दोघींना हे माहीत असू शकतं, फक्त त्याही तुझ्यासारख्याच गप्प आहेत. पुढे २०२२ मध्ये याच फेअरब्रदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट तपासलं की असे विचार येणाऱ्या आया बाळाला खरंच जास्त इजा करतात का, तर तसं काही दिसलं नाही.

मग त्या बाकीच्या आयांना हा विचार एकदा येतो, त्या दचकतात आणि दूध गरम करायला जातात, आणि तुझ्याकडे तो मुक्कामाला का आला? माझं म्हणणं असं की तो विचार वेगळा नव्हता, तू त्याच्याशी जे वागलीस ते वेगळं होतं. तू त्याला बंदी घातलीस.

लहानपणी ती गोष्ट ऐकली असशील, वैद्य औषध देतो आणि सांगतो की घेताना फक्त माकड आठवायचं नाही, आणि तो माणूस आयुष्यभर औषध घेऊच शकत नाही कारण चमचा तोंडाशी नेला की माकड हजर. नेमकं हेच डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात पकडलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ट्रिनिटी युनिव्हर्सिटीत, १९८७ साली ते छापून आलं. विद्यार्थ्याला एकट्याला खोलीत बसवायचं, टेप चालू, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर समोरची घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पण मला त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नंतर त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं की आता अस्वलाचा विचार खुशाल करा, तर ज्यांना पहिल्यापासून परवानगी होती त्यांच्यापेक्षा या आधी दाबून ठेवलेल्यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. म्हणजे दाबताना वाया गेलेली मेहनत एवढंच नाही, ती मेहनत नंतर व्याजासकट अंगावर येते.

आता असं का होतं, हे नीट समजून घे, कारण तुझा सगळा उपाय यातूनच निघतो. वेग्नरने १९९४ मध्ये याचं जे स्पष्टीकरण मांडलं ते मी तुझ्या त्या रात्रीच्या बाल्कनीवर लावून सांगते. तू ठरवतेस "तो विचार नको". त्या क्षणी मनात दोन कामं सुरू होतात. पहिलं काम म्हणजे दुसरं काहीतरी शोधणं, उद्या भाजी काय करू, रामरक्षेची पुढची ओळ काय, इन्स्टावर काय आलंय. हे काम तू जाणूनबुजून करतेस आणि त्याला ताकद लागते. दुसरं काम तुला कळत पण नाही. मनात एक पहारेकरी उभा राहतो, तो सतत बघत असतो की तो नको असलेला विचार आत शिरला तर नाही ना. आणि सोसायटीच्या वॉचमनला चोर ओळखायचा तर चोराचा फोटो हातात द्यावाच लागतो ना, तसं या पहारेकऱ्याला तो विचार कायम समोर धरून ठेवावा लागतो. त्याशिवाय तो तपासणार काय? या पहारेकऱ्याला ताकद लागत नाही, झोप लागत नाही, तो चोवीस तास ड्युटीवर.

जोवर तू ताजीतवानी आहेस तोवर पहिलं काम जिंकतं, विचार बऱ्यापैकी बाजूला राहतो. पण डोक्यावर ताण आला, घाई झाली, दमलीस, की पहिलं काम कोसळतं आणि पहारेकरी तसाच चालू राहतो, हातात फोटो घेऊन. मग मनात उरतो फक्त फोटो. वेग्नर आणि राल्फ अर्बर या दोघांनी १९९२ मध्ये हे छान दाखवलं होतं. लोकांना एक शब्द दिला, समजा "घर", काहींना सांगितलं याचाच विचार करा, काहींना सांगितलं अजिबात करू नका, आणि मग दुसरे शब्द देऊन मनात पहिलं काय येतं ते पटकन सांगायला लावलं. वेळ भरपूर असताना बंदी असलेल्यांनी तो शब्द टाळला. पण उत्तर झटकन द्यायची सक्ती केल्यावर, बंदी असलेल्यांच्या तोंडून तो शब्द, मुद्दाम विचार करणाऱ्यांपेक्षासुद्धा जास्त वेळा निघाला.

आता तुझा दिवस बघ. साडेतीन महिन्यांचं बाळ, दर दोन-अडीच तासांनी उठणं, सलग झोप किती मिळतेय तुला, तू लिहिलं नाहीस पण मी अंदाज करू शकते. तुझं डोकं चोवीस तास त्या "झटकन सांगा" वाल्या अवस्थेत आहे. म्हणून रात्री जास्त येतो. रात्री तुझ्यातली कुठली वाईट बाई जागी होत नाही गं, रात्री फक्त पहिलं काम झोपी गेलेलं असतं.

अजून एक गोष्ट आहे जी तुझ्या पत्रात स्पष्ट दिसते. वेग्नरच्या लोकांनी १९९१ मध्ये दाखवलं की विचार दाबताना आपण आजूबाजूच्या ज्या ज्या गोष्टींकडे लक्ष वळवतो त्या गोष्टींना तो विचार चिकटतो, आणि नंतर त्याच गोष्टी दिसल्या की तो परत येतो. तू मोबाइल बघितलास, मग मोबाइलला चिकटला. बाल्कनीचं दार लावलंस, आता ते बंद दारच दिवसभर हॉलमध्ये उभं राहून आठवण करून देतंय. रामरक्षा म्हटलीस, आणि मला वाटतं आता पहिली ओळ ओठावर आली तरी छातीत धस्स होत असेल. रामरक्षा सोडू नकोस. दिवेलागणीला म्हण, आधी म्हणत असशील तशी म्हण. फक्त विचार आल्यावर त्याला हाकलायची काठी म्हणून ती उचलू नकोस.

(अस्वलाच्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात एक युक्ती थोडी कामी आली होती, काही जणांना सांगितलं की अस्वल आलं तर एकच ठरलेली गोष्ट आठवायची, लाल फोक्सवॅगन गाडी. दहा गोष्टींकडे धावण्यापेक्षा एकच धरली तर नंतरची उसळी कमी झाली. परीक्षेच्या हॉलमध्ये, गाडी चालवताना वगैरे हे चालेल. पण तुझा विचार भीतीचा आहे आणि महिनोन्महिने चाललाय, त्याला लाल गाडी पुरणार नाही.)

तर आता करायचं काय. पहिली गोष्ट झोप, आणि ही मी सल्ल्याच्या यादीत घालायची म्हणून सांगत नाहीये, तुझ्या केसमध्ये झोप हे थेट औषध आहे कारण पहारेकऱ्याला मोकळं रान तिथूनच मिळतंय. रोज चार ते पाच तासांचा एक सलग तुकडा तुला मिळालाच पाहिजे. समजा रात्री नऊला पाजून तू झोपलीस, दुसऱ्या खोलीत, दार लावून, आणि मधली एक फीड नवऱ्याने काढून ठेवलेल्या दुधावर सांभाळली, तर दोनपर्यंत तू झोपू शकतेस. दूध काढणं जमत नसेल तर त्याने बाळ फक्त पाजण्यापुरतं तुझ्याकडे आणायचं आणि ढेकर काढणं, लंगोट, झोपवणं सगळं त्याने. आई किंवा सासूबाई असतील तर पहाटेचा तुकडा त्यांच्याकडे.

दुसरी गोष्ट, विचार येईल तेव्हा. तो येईल, उद्याही येईल. आल्यावर मनात एवढंच म्हण, "हा तोच विचार, आलाय", आणि हातातलं काम चालू ठेव. बाळाला तेल लावत असशील तर तेल लावत राहा, तिला खाली ठेवू नकोस, घट्ट आवळूही नकोस, देवाचं नाव घेऊन तो पुसायचा प्रयत्न करू नकोस, "मी असं करणार नाही, मी असं करणार नाही" असं दहा वेळा स्वतःला बजावू पण नकोस. छातीत धडधडेल. धडधडू दे. विचाराला आत बसायला परवानगी आहे, फक्त त्याच्यासाठी चहा ठेवायचा नाही.

इथे बहुतेकजणी फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. चार दिवस हे केल्यावर तू मनात डोकावून बघशील की "गेला का?" आणि तो समोरच असेल. तुला वाटेल की उपाय खोटा. पण "गेला का" हा प्रश्न म्हणजेच तो पहारेकरी, तूच त्याला परत ड्युटीवर बोलावलंस. विचार यावा म्हणून परवानगी देणं आणि विचार जावा म्हणून परवानगीचं नाटक करणं, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात आणि आतून उलट्या असतात. कुठली चाललीय हे ओळखायची खूण सोपी आहे, तू मोजत असशील तर तू अजून पहारा देतेयस. म्हणून ते पन्नास वेळा मोजणं आजपासून बंद. त्याऐवजी आठवड्याच्या शेवटी एवढंच बघ की मागच्या आठवड्यात भीतीपोटी जे करत नव्हते त्यातलं या आठवड्यात काय केलं.

त्यातूनच तिसरी गोष्ट, बाल्कनी. ती एका दिवसात जिंकायची नाहीये. पहिले दोन दिवस बाळ पाळण्यात असताना एकटीने दार उघड, बाहेर जा, कपडे वाळत घाल, कुंडीला पाणी घाल. मग दार उघडं ठेवून आत, दारापासून चार-पाच पावलांवर, बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बस, पंधरा-वीस मिनिटं, धडधड आपोआप खाली येईपर्यंत, आणि भीती चढत असताना मधेच उठून जाऊ नकोस कारण तसं केलं की मन शिकतं, बरं झालं पळाले म्हणून वाचले. ते सहज जमायला लागलं की खुर्ची दाराशी. मग बाळाला घेऊन बाल्कनीत, भिंतीला पाठ लावून. सुरुवातीला नवरा घरात असला तर चालेल, पण नंतर नंतर त्याला खाली दूध आणायला पाठव. बाल्कनीला कुठल्याही लहान मूल असलेल्या घरात लागतात तशी जाळी लावायची असेल तर लावा, ती रांगणाऱ्या पोरीसाठी, तुझ्यापासून तिला वाचवायला नाही. हे करताना पहिल्या काही दिवसांत विचार वाढल्यासारखा वाटेल, तसंच होतं, त्याला घाबरून दार परत लावू नकोस.

तू उद्या कुठेतरी वाचशील की विचार दाबता येतात, म्हणून हे पण सांगून ठेवते. केंब्रिजच्या मायकल अँडरसन आणि झुलकायदा ममत या दोघांनी २०२३ मध्ये १६ देशांतल्या १२० लोकांना तीन दिवस सराव दिला, भीतीची आठवण करून देणारा शब्द समोर ठेवून काही सेकंद ते चित्र मनात येऊ द्यायचं नाही, आणि त्यांची भीती वाढली नाही, उलट फिकी झाली. ते काम मला खरं आणि महत्त्वाचं वाटतं. पण नीट बघ, त्यात लोक आठवण करून देणाऱ्या गोष्टीकडे सरळ बघत होते, काही सेकंदांपुरते, ठरवून. तू बरोबर उलटं करतेयस, आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळतेयस आणि दिवसभर पहारा ठेवतेयस. वेग्नरची उसळीही प्रत्येकाला सारखीच जाणवते असं नाही, सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ती फार मोठी निघाली नाही. पण दाबलेला विचार ज्या परिस्थितीत जास्त शिरतो, ताण, थकवा, एकाच वेळी चार कामं, ती सगळी परिस्थिती तुझ्या घरात आहे.

आता डॉक्टरांचं. हे विचार रोज तासाभराहून जास्त वेळ खात असतील, किंवा तू बाळाला अंघोळ घालणं, उचलणं, तिच्यासोबत एकटी राहणं टाळायला लागली असशील, तर हे बाळंतपणानंतरचं ओसीडी, म्हणजे नकोसे विचार आणि ते घालवायची धडपड पुन्हा पुन्हा होत राहण्याचा आजार, असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. बाल्कनीचं जे मी वर सांगितलं तसंच, पण कोणीतरी शिकलेला माणूस सोबत घेऊन, पायरी पायरीने करतात, आणि गरज पडली तर अंगावर पाजताना चालतील अशी औषधंही असतात, ती मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. पन्नास वेळा म्हणजे मला वाटतं तू जाऊन भेटावंस, या आठवड्यातच. सोबत मन सतत उदास असेल, कशातच जीव लागत नसेल तर तेही तिथे सांग. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.

आणि एक वेगळी परिस्थिती आहे, तुझ्या पत्रात तिची काही खूण नाही पण ती ओळखता यायला हवी. हा विचार घाण वाटण्याऐवजी कधी बरोबर वाटायला लागला, तसं कर म्हणून सांगणारा आवाज ऐकू आला, बाळात काहीतरी अमानवी किंवा विशेष आहे अशी खात्री वाटायला लागली, झोपायची संधी असूनही दिवसेंदिवस झोप लागेना आणि तिची गरजही वाटेना, किंवा स्वतःला संपवावंसं वाटलं, तर मग वर सांगितलेलं काहीही करत बसायचं नाही. बाळ दुसऱ्याकडे द्यायचं आणि त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे.

राहिलं घरात सांगणं. नवऱ्याला आधी सांग, दोघंच असताना, बाळ झोपलेलं असताना. सुरुवात कशी करू असं वाटत असेल तर हे वाक्य घे, "मला बाळाबद्दल एक भयंकर विचार सारखा येतो, तो मला नको आहे, मी तो करणार नाहीये, पण तो येतो म्हणून मी दीड-दोन महिने घाबरून जगतेय, आणि मला डॉक्टरकडे जायचंय, चल माझ्यासोबत." तो घाबरून म्हणेल की असे विचार करू नकोस, माया असलेली माणसं हेच म्हणतात. तेव्हा त्याला हे उत्तर वाचायला दे. दुसरं, त्याला हेही आधीच सांगून ठेव की तू त्याला रोज "मी असं करणार नाही ना?" विचारायला लागलीस तर त्याने रोज "नाही गं" म्हणत बसायचं नाही, कारण ती समजूत दहा मिनिटं टिकते आणि अकराव्या मिनिटाला परत विचारावंसं वाटतं, तोही पहाराच. त्याने त्याऐवजी म्हणायचं, "परत तोच विचार आला ना, बस इथे माझ्याजवळ." आणि रात्री नऊ ते दोनची ड्युटी त्याची, ती आज रात्रीपासूनच.